शेवटचा परिच्छेद कापला जातो

सीमाभागातल्या एका दैनिकात मी बरीच वर्षे उपसंपादक होतो. निपाणी, चिकोडी, खानापूर इकडून येणारी महाविद्यालयांची प्रसिद्धीपत्रके माझ्याच टेबलावर यायची. त्यातले एक पत्रक अजून आठवते. निपाणी परिसरातल्या एका महाविद्यालयाने आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा ठेवली होती. पत्रकाची सुरुवात वक्तृत्वकलेच्या महतीने होती, पुढे संस्थेचा इतिहास, मग अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि संचालकांची नावे. नाव नोंदवण्याची मुदत आणि फोन नंबर अगदी शेवटच्या ओळीत. रात्री पानावर जाहिरात आली, जागा निम्मी झाली आणि पान लावणाऱ्याने बातमी खालून कापली. छापून आली ती वक्तृत्वाची महती आणि संचालक मंडळ. स्पर्धेला बाहेरच्या महाविद्यालयांतून जेमतेम चार-दोन मुले आली. प्राध्यापक रागावून कार्यालयात आले, पण कापणाऱ्याने नेहमीचेच काम केले होते.

बातमी खालून कापायची, ही डेस्कवरची जुनी रीत. रात्री कोणी सगळा मजकूर वाचून मधली वाक्ये वेचत बसत नाही. उलट्या पिरॅमिडची रचना त्यासाठीच असते. ज्यावाचून बातमी निरुपयोगी ठरेल ते सर्वांत वर आणि जे गेले तरी चालेल ते तळाला. कार्यक्रम ज्या क्रमाने होतो त्या क्रमाने बातमी लिहायची नसते. आपल्याकडचे पत्रक मात्र दीपप्रज्वलनाने सुरू होते आणि आभारप्रदर्शनाने संपते.

त्याच स्पर्धेचे पत्रक मी असे लिहिले असते :

‘निपाणी, ता. ३ : येथील महाविद्यालयाच्या मराठी विभागातर्फे शुक्रवारी (ता. १२) सकाळी १० वाजता आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा होणार आहे. शिवाजी विद्यापीठ आणि राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना भाग घेता येईल. मंगळवारपर्यंत (ता. ९) नावे नोंदवायची आहेत.’

लगेच खाली फोन नंबर आणि स्पर्धेचे ठिकाण. दुसऱ्या परिच्छेदात विषय, वेळेची मर्यादा आणि बक्षिसे. तिसऱ्यात उद्‍घाटक व परीक्षक. संस्थेची माहिती आणि संयोजकांची नावे सर्वांत खाली.

दोन्ही विद्यापीठांची नावे पहिल्याच परिच्छेदात घेतली, त्याला कारण आहे. आपल्या भागात हा प्रश्न हमखास येतो. निपाणीकर ज्याला आपले कॉलेज म्हणतात ते देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात आहे आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. बेळगावची महाविद्यालये २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे. नुसते ‘विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी’ लिहिले, तर रस्त्याच्या एका बाजूचा वाचक म्हणतो, हे आपल्यासाठी नाही. पत्रकावर गावाचे नावही विचार करून घाला, कारण बातमी कोणत्या पानावर जायची हे डेस्कवर बहुधा त्यावरूनच ठरते. अर्जुननगरची बातमी कोल्हापूर आणि बेळगाव दोन्हीकडे हवी असेल, तर दोन्ही कार्यालयांना वेगवेगळी पाठवा आणि ‘अर्जुननगर (निपाणी)’ असे लिहा.

‘उद्या’, ‘परवा’ हे शब्द पत्रकात नकोत. बातमी एक दिवस उशिरा लागली की ते खोटे ठरतात. वार आणि तारीख दोन्ही द्या, आणि ती एकमेकांशी जुळतात का ते दिनदर्शिकेत बघा. डेस्कवर ती तपासली जाईलच असे नाही.

अध्यक्षांचे नाव खाली गेले की प्राचार्य अस्वस्थ होतात, हे मला ठाऊक आहे. त्यावर उपाय फोटोओळीचा. फोटोओळ वेगळी लागते, ती सहसा कापली जात नाही. तिथे अध्यक्षांचे पूर्ण नाव आणि हुद्दा द्या, सगळ्यांची नावे डावीकडून क्रमाने द्या. कार्यक्रम झाल्यानंतरच्या बातमीतही पहिले वाक्य दीपप्रज्वलनाला देऊ नका. कोण जिंकले, किंवा पाहुण्यांनी नेमके काय सांगितले, ते द्या.

लिहून झाले की तळाचा परिच्छेद हाताने झाकून वाचा. मग त्याच्या वरचाही झाका. शेवटी एकटा पहिला परिच्छेद उरला आणि तेवढ्यावर एखाद्या मुलाला स्पर्धेला येता आले, तर पत्रक जमले. नाही आले, तर वर काय आणायचे ते तिथेच कळते.

मजकूर टाइप करून पाठवा. लेटरहेडचा फोटो पाठवला की कोणाला तरी पुन्हा टाइप करावा लागतो आणि गर्दीच्या दिवशी तो तसाच राहून जातो. दुपारीच पाठवा, कारण तालुक्यांची पाने पहिल्या पानाच्या आधी बंद होतात. आणि पत्रकाखाली कार्यालयाचा नंबर देऊ नका. रात्री आठला डेस्कवरून शंका विचारायला फोन आला तर जो उचलेल, त्याचा नंबर द्या.