किराण्याच्या बिलांतून शिकूया : कोणती वस्तू कोणासोबत जाते?



शेकडेवारी आणि संभाव्यता शिकवताना फासे आणि नाणी आपण नेहमीच वापरतो. आज त्याऐवजी किराण्याची बिलं घेऊया. कोणत्या वस्तू एकाच बिलात वारंवार एकत्र येतात हे मोजायचं आणि त्यावरून दुकानात कोणती वस्तू कुठे ठेवायची हे ठरवायचं, या पद्धतीला 'बास्केट ॲनालिसिस' म्हणतात. मॉलवाले हे संगणकावर करतात. आठवी-नववीची मुलं हेच काम वहीत करू शकतात. मात्र यात एक मोठी फसगत होते. आजचा पाठ मुख्यतः त्या फसगतीबद्दल आहे.

आधी बिलं मांडून घेऊ

समजा, दारव्ह्यातल्या एका किराणा दुकानदाराने आपल्याला २०० बिलं दिली. (आकडे शिकवायला सोपे जावेत म्हणून मी ठरवलेले आहेत.) बिलावर गिऱ्हाइकाचं नाव, मोबाईल नंबर किंवा उधारीची नोंद असेल तर ती दुकानातच झाकून घ्यावी, मुलांच्या हातात जाऊ देऊ नये.

आता एक तक्ता करा. प्रत्येक बिलाला एक ओळ आणि प्रत्येक वस्तूला एक रकाना. वस्तू बिलात असेल तर १, नसेल तर ०. किती किलो घेतलं, किती रुपये झाले हे इथे बघायचं नाही. पाव किलो पोहे आणि दोन किलो पोहे दोन्हीला १ च. 'पोहा', 'पोहे' आणि 'जाड पोहे' असं तीन तऱ्हेने लिहिलेलं असेल तर आधी एक नाव ठरवा. नाहीतर एकच वस्तू तीन रकान्यांत वाटली जाते आणि कुठलीच जोडी नीट दिसत नाही.

आपल्या २०० बिलांत मोजणी अशी निघाली : साखर १२०, बिस्किट ६०, पोहे ४०, शेंगदाणे ५०.

दोन्हीकडे ६० टक्के, पण अर्थ वेगळा

बिस्किट असलेली ६० बिलं बाजूला काढली. त्यांपैकी ३६ मध्ये साखरही होती, म्हणजे ६० टक्के. पोहे असलेली ४० बिलं काढली. त्यांपैकी २४ मध्ये शेंगदाणे होते. तेही ६० टक्केच. या टक्केवारीला 'कॉन्फिडन्स' म्हणतात.

मग मुलांना विचारा, साखर बिस्किटांजवळ ठेवायची का? बहुतेक मुलं हो म्हणतील. इथेच ती फसगत आहे.

साखर तशीही २०० पैकी १२० बिलांत आहे, म्हणजे ६० टक्के. बिस्किट घेणाराही ६० टक्के वेळा साखर घेतो आणि कुठलंही बिल उचललं तरी ६० टक्के वेळा साखर निघते. म्हणजे बिस्किटाचा साखरेशी काही संबंधच दिसला नाही. साखर सगळ्यांच्याच पिशवीत असते म्हणून ती बिस्किटासोबतही दिसते, एवढंच.

म्हणून प्रत्येक जोडीला आणखी एक प्रश्न विचारायचा : दोन वस्तूंचा काहीच संबंध नसता तर त्या योगायोगाने किती बिलांत एकत्र आल्या असत्या? दोन्ही वस्तूंच्या बिलांच्या संख्यांचा गुणाकार करून एकूण बिलांनी भागा.

बिस्किट–साखर : ६० × १२० ÷ २०० = ३६. प्रत्यक्षात ३६.
पोहे–शेंगदाणे : ४० × ५० ÷ २०० = १०. प्रत्यक्षात २४.

प्रत्यक्ष संख्येला अपेक्षित संख्येने भागलं की जो आकडा येतो त्याला 'लिफ्ट' म्हणतात. बिस्किट–साखरेची लिफ्ट १ आली, म्हणजे संबंध नाही. पोहे–शेंगदाण्यांची २.४ आली, म्हणजे योगायोगाच्या जवळजवळ अडीचपट वेळा ते एकत्र गेले. एकाहून कमी आली तर एक वस्तू घेणारा दुसरी टाळतो असं समजायचं. दोन ब्रँडच्या चहापत्तीचं असं होतं.

शाळेच्या संगणकावर एक्सेल किंवा कॅल्क असेल, B रकान्यात पोहे आणि C मध्ये शेंगदाणे असतील, तर लिफ्ट एका ओळीत निघते :

```
=COUNTIFS(B2:B201,1,C2:C201,1)*200/(SUM(B2:B201)*SUM(C2:C201))
```

सगळ्या जोड्या तपासायच्या कशा?

दुकानात ३०० वस्तू असतील तर जोड्या होतात ३०० × २९९ ÷ २ = ४४,८५०. एवढं कोण मोजणार? राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत या दोन संगणकतज्ज्ञांनी १९९४ मध्ये 'अप्रायोरी' नावाची रीत मांडली. तिच्या मुळाशी असलेली गोष्ट पाचवीच्या मुलालाही पटेल : जी वस्तू स्वतःच १० बिलांत नाही, तिची कुठलीही जोडी १० बिलांत असूच शकत नाही. म्हणून आधी १० पेक्षा कमी बिलांतल्या वस्तूंवर काट मारायची. ४० वस्तू उरल्या तर जोड्या राहतात फक्त ७८०. एका वर्गात वाटून दिल्या तर एका मुलाच्या वाट्याला वीस-पंचवीस येतात.

या काटछाटीचा आणखी एक फायदा आहे. समजा गुलाबजल २ बिलांत आहे, मेणबत्ती ४ बिलांत आहे आणि गुलाबजलाच्या दोन्ही बिलांत मेणबत्ती आहे. लिफ्ट येते ५०! पण हा सगळा डोलारा दोन बिलांवर उभा आहे. कदाचित एकच गिऱ्हाईक दोनदा आलं असेल.

मोठी लिफ्ट आली तरी तारीख बघा

साबुदाणा २० बिलांत, भगर १६ बिलांत, दोन्ही एकत्र १२ बिलांत. अपेक्षित फक्त १.६, म्हणजे लिफ्ट ७.५. मुलं खूश होतील. आता त्यांना त्या १२ बिलांच्या तारखा बघायला सांगा. समजा सगळी बिलं आषाढी एकादशी आणि तिच्या आदल्या दिवसाची निघाली. म्हणजे जोडी खरी आहे, पण दोन दिवसांची. त्या दिवसांत दोन्ही वस्तू दर्शनी मांडा, वर्षभरासाठी जागा अडवू नका.

दुसरी गोष्ट बिलाच्या लांबीची. महिन्याच्या किराण्याच्या यादीत तीस-चाळीस वस्तू असतात आणि त्यात सगळंच सगळ्यासोबत असतं. मीठ आणि कपड्याचा साबण एकत्र दिसले तर त्यांचं नातं आहे असं नाही. दोन्ही महिन्याच्या यादीतले आहेत, इतकंच. म्हणून महिन्याची मोठी बिलं आणि रोजची किरकोळ बिलं वेगळी करून दोन्हींची लिफ्ट स्वतंत्र काढा. पोहे–शेंगदाण्यांची लिफ्ट छोट्या बिलांतही मोठी राहिली, तर ती जोडी पक्की.

मग रॅकवर काय करायचं?

आपल्याकडे दोन प्रकारची दुकानं आहेत. एकात गिऱ्हाईक काउंटरवर यादी देतं आणि दुकानदार माल काढून देतो. तिथे रॅक बदलल्याने गिऱ्हाईक जास्त घेईल असं नाही, पण जोडीच्या वस्तू जवळ ठेवल्या तर दुकानातल्या पोराच्या फेऱ्या वाचतात. दुसऱ्या प्रकारात गिऱ्हाईक स्वतः फिरून माल उचलतं. अशा दुकानाची बिलं वाचताना सावध राहा. दोन वस्तू एकत्र विकल्या जातात म्हणून जवळ ठेवल्या आहेत, की जवळ ठेवल्या आहेत म्हणून एकत्र विकल्या जातात, हे बिलावरून कळत नाही. त्यासाठी दुकानाचा नकाशाही काढावा लागतो.

आपल्या उदाहरणात शेंगदाणे पोह्यांजवळ आणायचे ते कोणासाठी? २४ जण दोन्ही घेतच आहेत. विक्री वाढली तर ती पोहे घेऊन शेंगदाणे न घेणाऱ्या उरलेल्या १६ जणांत वाढेल. मांडणी बदला, तेवढेच दिवस थांबा आणि पुन्हा पोह्यांची ४० बिलं मोजा. २४ चे २७ झाले तर लगेच टाळ्या नकोत. ४० बिलांत पाच-सहाचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. ३१-३२ झाले तर मांडणीचा परिणाम असण्याची शक्यता धरता येते. मधे आठवडी बाजार किंवा सण आला होता का, हेही बघा.

ही तपासणी का लागते? 'बिअर आणि लहान मुलांचे डायपर एकत्र विकले जातात' ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. अमेरिकेतल्या ऑस्को ड्रग या दुकानसाखळीच्या बिलांच्या अभ्यासात १९९२ च्या सुमारास संध्याकाळच्या वेळी अशी जोडी दिसली होती. पण दोन्ही वस्तू शेजारी ठेवून विक्री वाढल्याचा जो भाग सांगतात तो मागाहून जोडलेला आहे. दुकानाने त्यावरून मांडणी बदललीच नव्हती.

जे बिलात नाही, ते

शेवटचा मुद्दा आपल्या जिल्ह्याचा. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. आता कल्पना करा, एखाद्या कृषी केंद्राची २०० बिलं आपण याच रीतीने तपासली. कीटकनाशक १०० बिलांत आहे आणि हातमोजे ३ बिलांत. आपल्या '१० पेक्षा कमी असेल तर काट' या नियमाने हातमोजे पहिल्याच पायरीला गळतील. कीटकनाशक–हातमोजे ही जोडी तपासलीच जाणार नाही आणि हातमोजे मागच्या खोक्यातच राहतील.

हिशोब कुठेही चुकलेला नाही. लोक काय एकत्र घेतात एवढंच बिल सांगतं. त्यांनी काय एकत्र घ्यायला हवं, हे ते सांगत नाही. हातमोजे, मास्क आणि चष्मा औषधाच्या रॅकलाच टांगायचे हा निर्णय लिफ्ट बघून होणार नाही, तो गरज बघून करावा लागतो. मोजणीचा उपयोग त्यानंतर आहे : टांगल्यावर कीटकनाशकाच्या १०० बिलांपैकी हातमोजे ३ वरून किती बिलांत गेले ते बघायला.

वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांना शेवटी एवढंच काम द्या. घरचं एक बिल बघायचं आणि त्यात असायला हवी होती पण नाही अशी एक वस्तू, कारणासह, वहीत लिहायची.