रात्रीची खीर, सकाळचे वाटप : नव्या स्वयंपाक्यांसाठी एक पाठ

वैशाखात बुद्ध पौर्णिमा येते आणि वस्तीवस्तीतल्या विहारांत खीरदानाची तयारी सुरू होते. स्वयंपाकाची जबाबदारी बहुधा महिला मंडळावर आणि नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींवर असते. सकाळी घाई नको म्हणून खीर आदल्या संध्याकाळीच शिजवून झाकून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. या पाठात आपण फक्त त्या झाकून ठेवलेल्या पातेल्याकडे बघणार आहोत.

पातेल्यात रात्रभर काय होते?

तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते मातीतून येतात, तांदूळ कितीही धुतला तरी पूर्ण जात नाहीत. बीजाणू म्हणजे जिवाणूचे कवचबंद रूप. खीर उकळली की इतर बहुतेक जंतू मरतात, पण कवचातला हा तग धरतो. अन्न ६० अंश सेल्सिअसच्या खाली आले की त्याला पुन्हा वाढीची संधी मिळते. कोमट खीर त्याला फार मानवते, कारण तीत पाणी, दूध, पिष्ट सारे आयते असते. वाढताना तो अन्नात विष सोडतो. अशी खीर खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. लहान मुले आणि वृद्ध यांच्या अंगातले पाणी लवकर कमी होते, म्हणून त्यांना धोका जास्त.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. पहिली, खीर आंबली किंवा फाटली नसली, वास चांगला असला, तरी तीत विष असू शकते. चव घेऊन ते कळत नाही. दुसरी, उलट्या घडवणारे हे विष उकळूनही नष्ट होत नाही. त्यामुळे ‘सकाळी एक उकळी काढू’ हा उपाय इथे चालत नाही.

सुरक्षित मार्ग दोनच. एक तर अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवायचे. नाही तर ते ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत आणायचे. दुसरा मार्ग किती अवघड आहे, ते प्रात्यक्षिकात दिसते.

प्रात्यक्षिक

दूध वाया जाऊ नये म्हणून आम्ही वर्गात खिरीऐवजी तांदळाची दाट पेज घेतो. साहित्य : १० लिटर पेज, एक खोल पातेले, एक मोठी परात, एक मध्यम पातेले, ते बसेल असा टब, तीन किलो बर्फ, सळईचा अन्न-तापमापक आणि घड्याळ.

आधी तापमापक तपासा. बर्फ-पाण्यात तो शून्याच्या जवळ आणि उकळत्या पाण्यात १०० च्या जवळ दिसला पाहिजे. मग गरम पेज अशी वाटून घ्या :

अ) पाच लिटर खोल पातेल्यात, वर झाकण.
आ) अडीच लिटर परातीत, थर दोन बोटे, वर पातळ स्वच्छ कापड.
इ) अडीच लिटर मध्यम पातेल्यात. हे पातेले बर्फ-पाण्याच्या टबात ठेवून स्वच्छ पळीने सतत ढवळायचे.

प्रत्येक भांडे ६० अंशांवर आले की त्याची वेळ मोजायला सुरुवात करा. सळई नेहमी मधोमध बुडवा आणि प्रत्येक वेळी उकळत्या पाण्यात बुडवून पुसून घ्या. खोलीत ३० अंश असताना आमच्या वर्गात साधारण असे आकडे येतात : दोन तासांनी झाकलेले पातेले ४६ वर असते आणि परात ४१ वर. बर्फातले पातेले मात्र अर्ध्या तासाच्या आसपास २१ वर येते.

परातीचा आकडा पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटते. पसरून ठेवले की लवकर निवते हे खरे, पण अन्न हवेपेक्षा फारसे थंड होऊ शकत नाही. विदर्भ-मराठवाड्यात वैशाखातली रात्रही उबदार असते. नुसत्या हवेवर खीर २१ अंशांवर येणारच नाही. गरम पातेले तसेच फ्रीजमध्ये ढकलणेही उपयोगाचे नाही. मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि शेजारचे अन्नही तापते.

दोनशे जणांच्या खिरीचा हिशेब

माणशी १०० मिलिलिटर धरली तर २० लिटर खीर लागते. ती संध्याकाळी आठला उतरवून झाकली, तर मोठे पातेले मध्यरात्रीच्या सुमारास ६० च्या खाली येते आणि सकाळी नऊच्या वाटपापर्यंत कोमटच राहते. म्हणजे आठ-नऊ तास धोक्याचे. बर्फाने निववायची तर लिटरमागे जवळजवळ एक किलो, म्हणजे २० किलो बर्फ हवा, शिवाय रात्रभर ठेवायला मोठा फ्रीज. विहाराच्या स्वयंपाकघरात हे सहसा नसते.

म्हणून आम्ही पहिला मार्ग सुचवतो. रात्री फक्त कोरडी कामे करायची : तांदूळ निवडणे, वेलची कुटणे, सुकामेवा चिरणे, भांडी घासून पालथी घालणे. दूध पहाटे आणायचे, तोवर घरी आणून ठेवायचे नाही. साडेपाचला चूल पेटवली तर साडेसात-आठपर्यंत खीर होते. मग ते पातेले गरम पाण्याच्या मोठ्या टोपात ठेवून खाली मंद आच चालू ठेवायची. त्यामुळे खीर तळाला न लागता गरम राहते. वाढायला थोडी थोडी छोट्या भांड्यात काढायची, मुख्य पातेले आचेवरच ठेवायचे. छोट्या भांड्यात उरलेली खीर पुन्हा मोठ्या पातेल्यात ओतायची नाही.

निरीक्षण तक्ता

एका शिकाऊ व्यक्तीने स्वयंपाक करायचा आणि दुसऱ्याने हातात वही घेऊन फक्त बघायचे. प्रत्येक प्रश्नापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ आणि वेळ लिहायची. न पाहिलेल्या गोष्टीपुढे ‘पाहिले नाही’ असे लिहावे, अंदाज लिहू नये.

१. तापमापक बर्फ-पाण्यात तपासला का?
२. दूध किती वाजता आले? किती वाजता चुलीवर चढले?
३. खिरीला सगळीकडे उकळी आली का, की फक्त कडेने?
४. आच बंद किंवा मंद केली ती वेळ कोणती?
५. दर अर्ध्या तासाला मधोमध आणि कडेला तापमान किती?
६. तापमान ६० च्या खाली गेले का? गेले असल्यास किती वाजता, आणि लगेच आच वाढवली का?
७. सळई आणि पळी प्रत्येक वेळी स्वच्छ केली का? मधल्या वेळात पळी कुठे ठेवली?
८. छोट्या भांड्यातली खीर किती मिनिटांत संपली?
९. शेवटी किती उरली आणि तिचे काय केले?

पाचव्या आणि सहाव्या ओळीवर निर्णय ठरतो. खीर ६० च्या खाली दोन तासांपेक्षा जास्त राहिली असेल, किंवा किती वेळ राहिली हे कोणालाच सांगता येत नसेल, तर ती वाढायची नाही, घरीही न्यायची नाही. उरलेली खीर गरम असतानाच वाटून टाकावी आणि घेणाऱ्याला ‘आत्ताच खा, रात्रीसाठी ठेवू नका’ असे तोंडी सांगावे. कार्यक्रमानंतर स्वयंपाक करणारा आणि बघणारा दोघांनी वही एकत्र वाचावी आणि पुढच्या वेळी जागा बदलाव्यात.