सेवानिवृत्ती सत्कार: कार्यक्रम पत्रिकेवरून सूत्रसंचालनाची स्क्रिप्ट कशी तयार करायची?

सूत्रसंचालनाचं काम घेणाऱ्यांसाठी आजचा धडा आहे. आयोजक तुमच्या हातात पत्रिका देतात. तिच्यात कार्यक्रमांचा क्रम असतो, पण कोण कुठून उठणार, ताट कोण आणणार आणि किती मिनिटं लागणार, यातलं काहीच नसतं. ते लिहून काढलं की स्क्रिप्ट तयार होते.

उदाहरण घेऊ. समजा भिवापुरातल्या एका शाळेतले शिक्षक ३० तारखेला निवृत्त होत आहेत. राज्य शासनाच्या सेवेत निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते, त्यामुळे सत्कारही बहुतेक वेळा त्याच दिवशी ठेवतात. पत्रिकेत वेळ सकाळी ११, स्नेहभोजन १ वाजता. क्रम असा: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचं स्वागत, प्रास्ताविक, मनोगतं, मानपत्र, सत्कार, सत्कारमूर्तींचं उत्तर, मुख्य पाहुणे, अध्यक्षीय भाषण, आभार.

वेळ शेवटाकडून मोजा

अशा कार्यक्रमात नेहमी एकच गोष्ट बिघडते. सुरुवातीला स्वागत आणि मनोगतं लांबतात आणि ज्यांच्यासाठी सगळे जमले त्या सरांना बोलायला पाच मिनिटं उरतात. तोवर मागच्या रांगा जेवणाकडे निघालेल्या असतात. म्हणून हिशेब १ वाजल्यापासून उलटा करा.

| सुरुवात | कार्यक्रम | मिनिटं |
|---|---|---|
| १२.५५ | आभार, राष्ट्रगीत | ५ |
| १२.४७ | अध्यक्षीय भाषण | ८ |
| १२.३७ | मुख्य पाहुणे | १० |
| १२.२२ | सत्कारमूर्तींचं उत्तर | १५ |
| १२.०८ | मानपत्र ४, सत्कार १० | १४ |
| ११.४३ | पाच मनोगतं | २५ |
| ११.३६ | प्रास्ताविक | ७ |
| ११.२७ | आठ पाहुण्यांचं स्वागत | ९ |
| ११.२३ | स्वागतगीत | ४ |
| ११.१५ | दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, राज्यगीत | ८ |

म्हणजे दिवा ११.१५ ला लागलाच पाहिजे. आधीची १५ मिनिटं लोक जमायला आणि पाहुणे स्थानापन्न व्हायला ठेवा. या तक्त्यातली एकच ओळ हलवायची नाही: १२.२२. बाकी सगळं थोडंफार मागेपुढे झालं तरी चालेल, हे आयोजकांशी आदल्या दिवशीच ठरवून घ्या.

राज्यगीत ठेवलं असेल तर पावणेदोन मिनिटं धरा, राष्ट्रगीताला ५२ सेकंद. दोन्ही वेळी आधी सगळ्यांना उभं करा, मगच साउंडवाल्याला हात दाखवा. गाणं सुरू झाल्यावर उठायला सांगितलं तर पहिली ओळ खुर्च्यांच्या आवाजात जाते.

बोलायचं काय आणि इशारा कोणाला

पानाचे दोन भाग करा. डावीकडे तुमचं वाक्य आणि उजवीकडे इशारा, म्हणजे त्या क्षणी कोणी काय करायचं. सत्काराचा भाग सगळ्यात गुंतागुंतीचा असतो, म्हणून तो पूर्ण लिहून दाखवतो.

*१२.०८.* "आता मानपत्राचं वाचन होईल. वाचन करतील आपल्या शाळेचे सहकारी शिक्षक, श्री. (नाव)."
इशारा: वाचक आधीच माइकजवळ. दोन विद्यार्थी शालीचं ताट घेऊन पायरीपाशी. मंचावर मधोमध दोन खुर्च्या.

*१२.१२.* "सर आणि वहिनींनी मंचाच्या मध्यभागी यावं, ही विनंती."
इशारा: दोघं बसेपर्यंत तुम्ही गप्प. फोटोग्राफर समोर आला का, बघा.

*१२.१३.* "शाल, श्रीफळ आणि मानपत्र देऊन सरांचा सत्कार करतील आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, मा. (नाव)."
इशारा: पहिलं ताट वर. शाल पांघरून झाल्यावर नारळ, मग मानपत्र. फोटोसाठी पाच सेकंद थांबा.

*१२.१५.* "वहिनींची ओटी भरून, साडीचोळी देऊन सत्कार करतील शाळेतल्या शिक्षिका, सौ. (नाव)."
इशारा: दुसरं ताट वर. पहिलं ताट खाली गेलेलं हवं.

*१२.१८.* "आता शाळा व्यवस्थापन समिती आणि माजी विद्यार्थी यांनी एकत्रितपणे सत्कार करावा."
इशारा: दोन्ही गट डाव्या बाजूने वर, उजव्या बाजूने खाली. एकेकाला वेगळं नाव घेऊन बोलावू नका, चार मिनिटं इथेच वाचतात.

प्रत्येक वाक्यात नाव शेवटी आहे, हे बघा. नाव ऐकलं की टाळ्या सुरू होतात आणि त्यानंतर तुम्ही जे बोलाल ते कोणाला ऐकू जात नाही. म्हणून पद, परिचय आधी आणि नाव शेवटी.

जोडवाक्यं छोटी ठेवा

स्टेजवरून सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. मानपत्र चार मिनिटांचं हवं असेल तर ते चारशे शब्दांत बसवायला आधीच सांगा. दोन मनोगतांच्या मधल्या तुमच्या ओळी वीस-तीस शब्दांच्या पुढे जाऊ नयेत. झालेल्या भाषणातली एकच गोष्ट उचला आणि पुढच्या माणसाकडे द्या: "सर पावसात सायकलने शाळेत यायचे, हे आता आपण ऐकलं. त्याच शाळेत त्यांच्याकडे शिकलेले आणि आज शेती करणारे माजी विद्यार्थी बोलतील, श्री. (नाव)." प्रत्येक वेळी शायरी टाकली तर पाच मनोगतांत पाच मिनिटं तुमचीच जातात. तसंच भिवापूरच्या मिरचीला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा उल्लेख बाहेरच्या पाहुण्यांच्या स्वागतात एकदा केला तर शोभतो. समोर बसलेल्या गावकऱ्यांना तो पुन्हा पुन्हा नको.

सरांचं उत्तर संपलं की मात्र लगेच बोलू नका. टाळ्या थांबू द्या, सर खाली बसू द्या, मग फक्त "धन्यवाद सर" म्हणून पुढचं नाव घ्या.

वेळ हातातून जाऊ लागली तर

मुख्य पाहुणे उमरेड रोडवर आहेत आणि ११.२० झाले. थांबू नका, अध्यक्षांच्या हस्ते दीपप्रज्वलन करून घ्या. पाहुणे आले की चालू असलेलं भाषण पूर्ण होऊ द्या आणि मग, "आपले मुख्य पाहुणे आले आहेत, त्यांचं स्वागत करूया", म्हणत एका मिनिटात स्वागत उरका.

मनोगत लांबलं तर "एक मिनिट" लिहिलेला कागद पहिल्या रांगेतल्या माणसाने दाखवावा. तरीही थांबले नाहीत तर तुम्ही माइकजवळ जाऊन उभे राहा, बहुतेक जण समजतात. १२.०० ला दोन वक्ते शिल्लक असतील तर दोघांना एकत्र बोलावून पुष्पगुच्छ आणि प्रत्येकी एक मिनिट द्या. अध्यक्षांना किंवा पुढाऱ्यांना चिठ्ठी पाठवू नका. मंचावर बसतानाच "आपल्यासाठी दहा मिनिटं ठेवली आहेत" असं नम्रपणे सांगा.

घरच्यांकडून आधी विचारून घ्या

सेवेत रुजू झाल्याची तारीख, कोणकोणत्या गावांत नोकरी झाली, वहिनींचं आणि मुलांचं नाव. आणि सरांचे आई-वडील हयात आहेत का? आई सभागृहात बसलेल्या असतील तर त्यांचा सत्कार सर्वांत आधी हवा, आणि त्यांना मंचावर चढता येत नसेल तर तो खालीच, त्यांच्या खुर्चीजवळ. नसतील, तर "आईवडिलांनी मंचावर यावं" हे वाक्य चुकूनही तोंडून निघता कामा नये. "अखेरचा निरोप" हे शब्दही नकोत, ते अंत्यविधीला शोभतात. "सेवापूर्तीच्या शुभेच्छा" म्हणा.

स्क्रिप्ट झाली की घड्याळ लावून मोठ्याने वाचा आणि जिथे ताट किंवा खुर्ची हलते तिथे तेवढा वेळ खरोखर थांबा. मग त्याच्या तीन प्रती काढा: एक तुमची, एक साउंडवाल्याची आणि एक ताटं सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यांची.