दमा : वाजणारी छाती आणि गप्प छाती

माझी मामेबहीण यंदा परिचारिकेच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीत ती आमच्याकडे कसबा पेठेत आली, तेव्हा वही पुढे करून म्हणाली, "ताई, दम्यात श्वासवाहिन्या अरुंद होतात त्या सूज, स्नायूंचे आकुंचन आणि कफ यांमुळे. एवढं पाठ झालंय. पण कारणं तीन कशाला?" मी कला शाखेची विद्यार्थिनी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. परंतु माझे वडील पिठाच्या गिरणीत काम करतात व त्यांना दमा आहे. गेल्या वर्षी त्यांच्या उशाशी काढलेल्या एका रात्रीने मला या प्रश्नाचे उत्तर दिले. तेच तिच्यासाठी व तिच्या वर्गभगिनींसाठी येथे मांडते.

त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता गिरणीत दळण जोरात चालू होते. बाबांना खोकला आला व छाती आवळली. गव्हाच्या पिठाचे कण श्वासाबरोबर आत गेले होते. ज्याच्या शरीराला पिठाचे वावडे जडले आहे, त्याच्या श्वासवाहिन्यांच्या अस्तरात मास्ट नावाच्या पेशी जणू टपूनच असतात. कण लागताच काही मिनिटांत त्या हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात. त्या द्रव्यांनी वाहिनीभोवतालचे स्नायू मुठीसारखे आवळतात. कुणाला हा त्रास पिठाने होतो, कुणाला घरातील धुळीने, तर कुणाला गाजरगवताच्या परागांनी. बाबांनी सालब्युटामॉलचा पंप दोनदा ओढला. हे औषध स्नायू सैल करते. दहा मिनिटांत त्यांना बरे वाटले. ते घरी आले, जेवले व झोपले.

रात्री एक वाजता ते धडपडून उठून बसले. तेव्हा आसपास पिठाचा कणही नव्हता! मग दम लागला कशाने? पहिल्या झटक्यात सुटलेली द्रव्ये रक्तातील इतर पेशींना, विशेषतः इओसिनोफिल पेशींना, अस्तराकडे बोलावतात. त्या जमा होण्यास काही तास लागतात. म्हणून दुसरी लाट बहुधा चार ते आठ तासांनी येते. या लाटेत अस्तर सुजून जाड होते. कफ तयार करणाऱ्या पेशी घट्ट, चिकट कफ सोडतात. स्नायू पुन्हा आवळतात. म्हणजे नळी बाहेरून आवळली गेली, आतून जाड झाली आणि मधल्या पोकळीत कफ अडकला. तीन कारणे ती ही.

अरुंदपणा थोडा वाढला तरी त्रास फार वाढतो. दोन मिलिमीटर पोकळीची नळी एक मिलिमीटरची झाली, तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही. हवा संथ वाहत आहे असे धरले, तर तो सोळापट होतो. त्यातही श्वास सोडताना छातीच्या दाबाने नळ्या आणखी चिंबतात. म्हणून श्वास घेण्यापेक्षा सोडणे कठीण जाते, हवा आत कोंडते व छाती फुगलेली राहते. अरुंद नळीतून हवा जोराने जाते, नळीच्या भिंती थरथरतात आणि शिटीसारखा आवाज येतो.

बाबांनी पुन्हा पंप ओढला, पण या वेळी फरक पडेना. पंपाने स्नायू सैल होतात. सूज उतरत नाही की कफाचे बूच निघत नाही. तीन वाजता शिटी थांबली. आई म्हणाली, "थांबलं बाई एकदाचं. आता झोप लागेल त्यांना." शेजारच्या मावशी पूर्वी परिचारिका होत्या. त्यांनी बाबांकडे एकदा पाहिले मात्र, लगेच रिक्षा आणायला सांगितली. बाबांना एका दमात दोन शब्द बोलवत नव्हते, मानेचे स्नायू ताणले होते, श्वास मिनिटाला तिशीच्या वर होता व डोळ्यांवर झापड येत होती. आवाज थांबला होता तो नळ्या मोकळ्या झाल्या म्हणून नव्हे, तर आवाज होण्याइतकीही हवा आत-बाहेर होत नव्हती म्हणून!

रुग्णालयात प्राणवायू लावला, वाफाऱ्यातून औषध दिले आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. सूज उतरवणारे औषध ते हेच. परंतु त्याचा गुण यायला काही तास लागतात, म्हणून ते लवकर द्यावे लागते. सकाळी नऊच्या सुमारास बाबांच्या छातीत पुन्हा शिटी वाजू लागली. आई घाबरली, पण डॉक्टर हसले. हवा पुन्हा वाहू लागली होती.

आता बाबा नाकातोंडावर पट्टी बांधून काम करतात आणि बरे वाटत असले तरी स्टेरॉइडचा पंप रोज ओढतात. कारण त्रास नसतानाही अस्तरात थोडी सूज असतेच. मामेबहिणीने हे सारे ऐकून वहीत तीन कारणांखाली एक ओळ लिहिली : "छाती गप्प झाली, तर आधी रोग्याचा चेहरा पाहावा व त्याला बोलते करावे."