दिवस राहिले आणि गोळी बदलली

ग्रेव्हजच्या आजारामुळे माझा थायरॉइड वाढलेला होता आणि त्यासाठी मी रोज १५ मिलिग्रॅम कार्बिमॅझोल घेत होते. पाळी चुकली आणि चाचणी पॉझिटिव्ह आली, तेव्हा पाचवा आठवडा चालू होता. एंडोक्रायनॉलॉजिस्टनी फोनवर ऐकलं आणि त्याच दिवशी बोलावलं.

एवढी घाई का, ते नंतर कळलं. शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या सहाव्या ते दहाव्या आठवड्यात बाळाचे अवयव घडत असतात. त्या काळात कार्बिमॅझोल पोटात गेलं, तर काही बाळांच्या टाळूवर कातडीच येत नाही, नाकाचा मागचा मार्ग किंवा अन्ननलिका बंद राहते. पहिली सोनोग्राफी होईपर्यंत या काळातले बरेच दिवस निघून गेलेले असतात. म्हणून माझी गोळी बदलून पीटीयू सुरू झाली, सकाळ-संध्याकाळ १०० मिलिग्रॅम. तिच्यानेही व्यंग होऊ शकतं, पण बहुधा सौम्य. मात्र ती क्वचित यकृताला जबर इजा करते. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा तापासोबत घसा दुखू लागला, तर गोळी थांबवून लगेच रक्त तपासायचं, असं मला बजावलं होतं. डोस अगदी कमी असेल आणि आजार आटोक्यात असेल, तर डॉक्टर कधी गोळी पूर्ण बंद करून दर एक-दोन आठवड्यांनी रक्त तपासतात. पण हा निर्णय आपण घरी घ्यायचा नाही. आजार मोकळा सुटला तर गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, उच्च रक्तदाब अशी संकटं येतात.

पुढच्या रिपोर्टात टीएसएच ०.०१ होता. गावातल्या दवाखान्यात तो पाहून डोस वाढवायला सांगितलं. आमच्या डॉक्टरांनी मात्र फ्री टी-४ पाहिला. तो नॉर्मलच्या वरच्या टोकाला होता, आणि गरोदरपणात तो तिथेच हवा असतो. गोळी वारेतून बाळापर्यंत जाते. आईचा टीएसएच नॉर्मल करायला डोस वाढवला, तर बाळाची ग्रंथी मंदावते, त्याला गलगंड होऊ शकतो. पुढे फ्री टी-४ खाली आल्यावर माझा डोस निम्मा केला, आणि सातव्या महिन्यात गोळी बंदच झाली. दिवस भरत जातात तसा हा आजार बऱ्याच जणींचा शांत होतो.

तरी एक तपासणी सोडू नका, टीआरएबी या अँटीबॉडीची. ग्रंथी काढलेली असली, तरी ही अँटीबॉडी रक्तात उरू शकते आणि वारेतून जाऊन बाळाची ग्रंथी चेतवू शकते. ती नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल, तर बाळाचे ठोके, वाढ आणि गळा सोनोग्राफीत पाहावा लागतो, आणि बालरोगतज्ज्ञांना जन्माआधीच सांगून ठेवावं लागतं. बाळंतपणानंतर आजार उलटण्याची शक्यता असते, म्हणून स्वतःचं रक्तही दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्या.