बॅकअपला कुठली फोल्डर लावायची?

प्रश्न : माझ्या ॲन्ड्रॉइड फोनवर ‘स्टोरेज भरत आलं आहे’ असा इशारा सारखा येतो. गूगल फोटोजमध्ये मी मागे एकदा सगळी फोल्डर चालू करून ठेवली होती. आता नातवाच्या बारशाचे फोटो शोधायला गेलं, की आधी शुभ सकाळ आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट डोळ्यांपुढून सरकवावे लागतात. कॅमेरा, स्क्रीनशॉट, डाउनलोड, व्हॉट्सॲप यांतलं काय चालू ठेवू आणि काय बंद करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या तक्रारी दोन आहेत, जागेची आणि पसाऱ्याची. दोन्हींमागचं फोल्डर मात्र एकच नाही, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. शुभ सकाळवर राग काढला जातो आणि जागा होती तेवढीच राहते.

थोडा हिशोब करू. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो बराच दाबून लहान केलेला असतो, साधारण दीडशे केबीचा. रोज अशी पंचवीस चित्रं आली, तरी वर्षाला दीड जीबीसुद्धा भरत नाही. आता व्हिडिओ घ्या. कुणाची तरी रेसिपी, कुणाचं कीर्तन, एखादा विनोद असे दहा-दहा एमबीचे तीन व्हिडिओ रोज आले, तर वर्षाकाठी अकरा जीबी होतात. गूगल फुकट देतं 15 जीबी, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिघांनी भागवायचं. 1 जून 2021 च्या आधी फोटोजमध्ये थोड्या कमी दर्जाचे फोटो चढवले तर ते या मोजणीत धरत नसत. ती सवलत गेली. कोटा पुरता भरला की फोटो चढायचे थांबतात, आणि नवीन ईमेलही येईनाशी होते. बँकेचं पत्र आलं नाही म्हणून शोधाशोध करणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

म्हणून `WhatsApp Video` हे फोल्डर सगळ्यात आधी बंद करा. जागेचा प्रश्न बव्हंशी तिथेच मिटेल. `WhatsApp Images` पसाऱ्यासाठी बंद करायचं. त्याला आणखी एक कारण आहे. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्यातली मूळ तारीख काढून टाकतं. आत्याने तिच्या लग्नातला जुना फोटो आज पाठवला, तर तो तुमच्याकडे आजच्या तारखेखाली, आजच्या जेवणाच्या फोटोशेजारी जाऊन बसतो. असा फोटो ओळखायचा असेल तर तो उघडून वर सरकवा आणि नाव पाहा. `IMG-20240115-WA0007.jpg` अशा नावातलं `WA` म्हणजे तो व्हॉट्सॲपवरून आलेला, आणि मधले आठ आकडे म्हणजे तो तुमच्या फोनवर आल्याची तारीख. फोटो काढल्याच्या तारखेशी त्यांचा संबंध नाही.

शिवाय तुम्ही व्हॉट्सॲपच्या गप्पांचा बॅकअप गूगल खात्यावर घेत असाल, तर ही चित्रं त्यातही जातातच. म्हणजे एकच शुभ सकाळ एकाच 15 जीबीत दोनदा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट बॅकअप उघडा आणि व्हिडिओ समाविष्ट करण्याचं बटण तिथेही बंद आहे ना, ते बघून घ्या.

आता बटणं कुठे आहेत ते सांगतो. गूगल फोटोज उघडून वर उजवीकडच्या आपल्या चित्रावर टिचकी मारा. तिथून `Photos settings`, मग `Backup`, मग `Back up device folders`. ज्या ज्या फोल्डरमध्ये चित्रं किंवा व्हिडिओ आहेत त्यांची यादी दिसेल आणि प्रत्येकापुढे एक बटण. कॅमेऱ्याचं मुख्य फोल्डर, `DCIM` मधलं `Camera`, बॅकअप चालू असला की आपोआप जातं, त्याला हात लावायचा नाही. बाकीचं एकेक बघायचं.

स्क्रीनशॉट मी बंदच ठेवीन. आपण स्क्रीनशॉट काढतो ते तासा-दोन तासांच्या कामासाठी: रेल्वेच्या डब्याचा नंबर, कुणाचा पत्ता, पैसे गेल्याची खूण. पैशांच्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट लोक वर्षानुवर्षं जपतात, पण वाद झाला तर बँक विचारते तो व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, आणि तो ॲपच्या इतिहासात आणि खात्याच्या उताऱ्यात असतो. त्यातून घरात एकच गूगल खातं तीन फोनांवर आणि टीव्हीवर असेल, तर तुमच्या खात्यातली शिल्लक दाखवणारा स्क्रीनशॉट दिवाणखान्यात झळकू शकतो. एखादा खरोखर ठेवण्यासारखा असला, तर तेवढाच उघडून वरच्या ढगाच्या चिन्हावरून चढवता येतो. त्यासाठी अख्खं फोल्डर चालू करायला नको.

डाउनलोडबद्दल एक मोठा गैरसमज आहे. `Download` चं बटण चालू केलं की त्यातलं सगळं सुरक्षित झालं असं वाटतं. गूगल फोटोज फक्त चित्रं आणि व्हिडिओ उचलतं. त्याच फोल्डरमधला सातबारा, विजेचं बिल, विम्याची पॉलिसी, मुलीचं प्रवेशपत्र हे सगळं पीडीएफ असतं, आणि फोटोज त्याकडे बघतही नाही. फोन पाण्यात पडला की हे समजतं. पीडीएफसाठी फाइल निवडून शेअर करा आणि ड्राइव्हमध्ये ठेवा, किंवा कागद सरकारी असेल तर डिजिलॉकरमध्ये आहे का बघा. मात्र डाउनलोड डोळे झाकून बंद करू नका. लग्नात भाच्याने शेजारी बसून क्विक शेअरने पाठवलेले मूळ दर्जाचे फोटो पुष्कळ फोनांत या `Download` मध्येच येऊन पडतात.

तुम्ही म्हणाल, मग यातलं चांगलं तेवढं कसं निवडायचं? अडचण अशी की ही बटणं फोल्डरवार आहेत आणि फोल्डर पाडणारी ॲप्स आहेत. व्हॉट्सॲपच्या लेखी नातवाचं बारसं आणि गुलाबाच्या फुलावरचा सुविचार दोन्ही सारखेच. यावर मला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे स्वतःचं एक फोल्डर काढणं. फोनमधल्या फाइल्सच्या ॲपमध्ये `Pictures` उघडा आणि आत `Jatan` नावाचं नवं फोल्डर करा. त्यात लगेच एखादा फोटो टाका, कारण रिकामं फोल्डर गूगल फोटोजच्या यादीत दिसत नाही. मग यादीत जाऊन त्याचं बटण चालू करा. यापुढे व्हॉट्सॲप किंवा डाउनलोडमधून जे ठेवायचं ते या फोल्डरमध्ये टाकायचं, बाकीची बटणं बंद. व्हॉट्सॲपमधला फोटो हलवू मात्र नका, त्याची प्रत काढून टाका. हलवलात तर चॅटमधून तो उघडत नाही.

रोज निवडत बसायचा कंटाळा असेल, तर चाळणी व्हॉट्सॲपमध्येच लावता येते. ज्या ग्रुपवर नुसता रतीब असतो त्याच्या माहितीत जाऊन `Media visibility` ला `No` करा. तिथून पुढे येणारी चित्रं गॅलरीलाही दिसत नाहीत आणि गूगल फोटोजलाही. मग `WhatsApp Images` चालू ठेवलंत तरी त्यातून मुख्यतः घरचेच फोटो जातील. पण ही चित्रं फोनमध्ये असतातच, फक्त झाकलेली. फोनची स्वतःची जागा त्याने मोकळी होत नाही, आणि आधी आलेल्या चित्रांना हा नियम लागत नाही.

आता मागे चढून बसलेल्या ढिगाचं. बटण बंद केल्याने नवीन जाणं थांबतं, गेलेलं परत येत नाही. एकदा वर गेलं की फोल्डरही उरत नाहीत, सगळं तारखेच्या एकाच ओळीत मिसळतं. त्यामुळे ‘व्हॉट्सॲपचं सगळं पुसून टाक’ असं एका टिचकीत सांगता येत नाही. बॅकअपच्या सेटिंगमधूनच स्टोरेज आवरायच्या पानावर जा. तिथे मोठे व्हिडिओ, स्क्रीनशॉट, धूसर फोटो असे गट तयार मिळतात. मोठ्या व्हिडिओंपासून सुरुवात करा, दहा व्हिडिओ पुसले की हजार चित्रांएवढी जागा सहज सुटते. एक सावधगिरी बाळगा: गूगल फोटोजमध्ये पुसलेलं फोनमधूनही जातं. चुकून गेलंच, तर बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत 60 दिवस राहतो. याच्या उलट `Free up space` हे बटण वरची प्रत ठेवून फोनमधली काढतं. व्हॉट्सॲपचं फोल्डर चालू असताना ते दाबलंत, तर चॅटमधले जुने फोटो उघडेनासे झाले म्हणून घाबरायला नको, ते वर आहेत.

सगळं लावून झालं की कॅमेऱ्याने एक फोटो काढा आणि एक स्क्रीनशॉट घ्या. फोन वायफायवर ठेवा. थोड्या वेळाने संगणकावर किंवा दुसऱ्या फोनच्या ब्राउझरमध्ये `photos.google.com` उघडा. फोटो दिसला आणि स्क्रीनशॉट दिसला नाही, तर मांडणी बरोबर. फोनवरच बघून खात्री करू नका, तिथे न चढलेले फोटोही त्याच ओळीत दिसतात.

प्रश्न : मी ग्रामपंचायतीच्या कामांचे फोटो ठिकाण आणि वेळेचा शिक्का मारणाऱ्या कॅमेरा ॲपने काढते. फोन बदलला तेव्हा घरचे फोटो नव्या फोनमध्ये आले, कामाचे एकही नाही. बॅकअप तर चालू होता.

उत्तर : अशी ॲप्स सहसा आपल्या नावाचं वेगळं फोल्डर करतात आणि फोटो `Camera` मध्ये न टाकता तिथे साठवतात. ते फोल्डर आपणहून चालू केल्याशिवाय वर जात नाही. जुना फोन अजून हाताशी असेल तर तो पुसायच्या आधी त्यावर वरची यादी उघडा, ॲपच्या नावाचं फोल्डर चालू करा आणि चार्जरला लावून रात्रभर वायफायवर ठेवा. काही ॲप्समध्ये फोटो कुठे साठवायचे ते सेटिंगमध्ये बदलता येतं. तशी सोय असेल तर नव्या फोनवर तिथे थेट `Camera` द्या.

प्रश्न : आयफोनवर ही यादी सापडत नाही.

उत्तर : आयफोनमध्ये फोटोंचा साठा एकच असतो. आयक्लाउड फोटोज चालू केलं की कॅमेरा, स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरून जतन झालेलं सगळं एकत्र जातं, त्यातलं एखादंच वगळता येत नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट्समध्ये जाऊन आलेले फोटो आपोआप साठवण्याचं बटण मात्र बंद करा. स्क्रीनशॉटना फोटोज ॲपमध्ये वेगळा गट मिळतो, तो अधूनमधून निवडून रिकामा करायचा.