गाव बदललं, पण मतदार यादीत नाव दोन ठिकाणी



मागच्या महिन्यात नरसीतल्या एका गटाची बैठक संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. त्यांची लेक लग्न होऊन चार वर्षांपासून पिंपरी-चिंचवडला राहते. तिथं कॉलनीत मतदार नोंदणीचं शिबिर लागलं, तिनं फॉर्म ६ भरला आणि नवं कार्ड आलं. नरसीचं जुनं कार्ड मात्र ताईंच्या पेटीत तसंच होतं. "दोन्हीकडं नाव असलं तर बरंच की, ग्रामपंचायतीला इकडं येईल ती," असं ताई म्हणाल्या.

पण तसं चालत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ प्रमाणे एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असू शकतं. फॉर्म ६ वर तर "माझं नाव दुसरीकडं नाही" अशी सही आपण करतो. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लेकीनं मुद्दाम केलं नव्हतं, तिला फॉर्मचा फरकच कुणी सांगितला नव्हता.

तो फरक असा. फॉर्म ६ पहिल्यांदाच नाव लावणाऱ्यासाठी आहे. आधी कुठंही नाव असेल आणि राहतं ठिकाण बदललं असेल तर फॉर्म ८ भरायचा. ऑगस्ट २०२२ पासून दुसऱ्या मतदारसंघात गेलं तरी हाच फॉर्म लागतो. तो नव्या गावच्या मतदारसंघात द्यायचा आणि त्यात जुन्या कार्डाचा नंबर लिहायचा. अर्ज मंजूर झाला की जुन्या यादीतलं नाव कमी करायचं काम कार्यालयाकडूनच होतं. कार्डाचा नंबर तोच राहतो. एका फॉर्म ८ मध्ये एकच काम निवडता येतं, म्हणून लग्नानंतरचं नाव बदलायचं असेल तर आधी पत्ता बदलून घ्या, मग त्यासाठी वेगळा अर्ज करा.

पत्त्याच्या पुराव्यावर बऱ्याच जणींचं अडतं. आधारवर नरसीचाच पत्ता असेल तर तो पुण्याचा पुरावा होत नाही. नोंदणी केलेला भाडेकरार, बँकेचं पासबुक किंवा गॅसचं बिल नव्या पत्त्याचं लागतं. नवऱ्याच्या नावाचा कागद चालतो, पण नवऱ्याचं नाव त्याच पत्त्यावर मतदार म्हणून लागलेलं असेल तर.

आपल्या लेकीचं नाव तर दोन्हीकडं लागलेलंच होतं. मग काय केलं? ती राहते तिकडचं नाव ठेवलं आणि नरसीचं कमी करायला फॉर्म ७ भरला. तो जुन्या मतदारसंघात जातो. तिनं फोनवर voters.eci.gov.in उघडून, मोबाईल नंबरवर ओटीपी घेऊन तो स्वतःच भरला, जुन्या कार्डाचा नंबर टाकला आणि कारण "कायमचं स्थलांतर" निवडलं. अर्जाचा नंबर मिळतो, तो वहीत लिहून ठेवायचा.

पुढची पायरी नरसीत होती. चौकशीला बीएलओ जुन्या घरी येतात. तेव्हा माय मायेनं म्हणते, "नाही हो, लेक आमचीच, दिवाळीला येती की." एवढ्यावरून अर्ज नामंजूर होऊ शकतो. म्हणून आम्ही ताईंना आधीच सांगितलं, की लेक आता तिकडंच राहते हे स्पष्ट सांगा.

नाव खरंच गेलं का, हे electoralsearch.eci.gov.in वर बघायचं. इथं एक गोम आहे. कार्डाच्या नंबरानं शोधलं तर तेवढीच एक नोंद दिसते. माहेरची नोंद वडिलांच्या नावानं आणि सासरची नवऱ्याच्या नावानं असते, म्हणून दोन्ही नावांनी वेगवेगळं शोधा. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांच्या याद्यांत संशयित दुबार नावांपुढं दोन तारे () लावले होते, आणि अशा मतदारांकडून मतदान एकाच ठिकाणी करणार असं लिहून घेतलं जात होतं.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर काही महिने जाणाऱ्या ताईंनी मात्र घाबरू नये. तात्पुरतं बाहेर गेल्यानं गावचं नाव जात नाही. तुमचं घर, चूल इथंच असेल तर नाव इथंच ठेवा. उलट, नुसतं गावात घर आहे म्हणून कायमचं शहरात राहणाऱ्याचं नाव इथं राहू शकत नाही. नाव हलवलं की गावच्या ग्रामपंचायतीचं मत आणि तिथं उभं राहायचा हक्कही जातो, हे घरी बोलूनच ठरवा.

निवडणुकीचे उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरती यादी बदलत नाही, त्यामुळं हे काम आधीच उरका. अडलं तर १९५० या नंबरावर फोन करा.

पुढच्या बैठकीला येताना घरातली बाहेरगावी राहणारी लेक, लेक-जावई आणि मुलगा-सून यांची जुनी कार्डं घेऊन या. आपण मिळून शोधू.